डीएएफच्या नोंदी: छंद, खो-खो आणि आण्णांची भट्टी

५ ऑक्टोबर

यूपीएससीची मेन्स होऊन महिना झाला, रिझल्ट अजून लागायचाय, पण अभ्यासिकेतले जे दादा आधी इंटरव्ह्यूला जाऊन आलेत ते सगळे एकच सांगतात की डीएएफचा, म्हणजे इंटरव्ह्यूआधी भरायच्या सविस्तर अर्जाचा, मजकूर आत्ताच लिहायला घे, फॉर्म उघडल्यावर सर्व्हिस प्रेफरन्स आणि कागदपत्रांच्या गडबडीत छंदाच्या रकान्यात काहीतरी खरडलं जातं आणि एकदा सबमिट झालं की मग त्यावरच बोलावं लागतं. म्हणून ही फाईल. जे बदलेन ते तारखेसकट इथे लिहायचं, का बदललं तेपण.

इंटरव्ह्यू २७५ मार्कांचा, एकूण २०२५ मार्कांपैकी. दिल्लीत धौलपूर हाऊसला, म्हणजे यूपीएससीच्या ऑफिसात, बोर्डात एक चेअरमन आणि साधारण चार मेंबर, त्यांना माझे मेन्सचे मार्क माहीत नसतात, समोर असतो तो माझ्या फॉर्मवरून काढलेला गोषवारा. म्हणजे माझं गाव, माझं शिक्षण, माझे वडील म्हणजे आण्णा काय करतात, मला काय आवडतं, हे सगळं त्यांना त्या चार ओळींतूनच कळणार.

आजचा पहिला ड्राफ्ट (फॉर्मवर इंग्रजीत जाणार, इथे मराठीत लिहितोय):

छंद: वाचन, ट्रेकिंग, योगासने, डॉक्युमेंट्री बघणे.
बक्षिसं: जिल्हास्तरीय शालेय खो-खो, उपविजेता संघ.
नेतृत्व: एनएसएस शिबिरात गटप्रमुख.
वडिलांचा व्यवसाय: बिझनेस.

दहा मिनिटांत झालं. तेच जरा खटकतंय.

७ ऑक्टोबर

अभ्यासिकेतल्या दादाला दाखवलं, तो दोनदा धौलपूर हाऊसला जाऊन आलाय. त्याने वाचून फक्त एवढं विचारलं की ट्रेकिंगला शेवटचा कधी गेलास. मी म्हटलं राजगड. कधी? फेब्रुवारी २०२३. म्हणजे अडीच वर्षं होऊन गेली. मग म्हणाला गुंजवण्याकडून चढलास का पालीकडून, मी गुंजवणे सांगितलं, मग म्हणाला संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी का बांधली असेल. मला ती माची नीट आठवतच नव्हती, आम्ही पद्मावती माचीवर झोपलो, सकाळी बालेकिल्ला केला आणि उतरलो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले, त्यात राजगड आहे, आणि बारावा जिंजी तामिळनाडूत आहे हे मला पाठ होतं, पण ते करंट अफेअर्समधून, गडावर जाऊन नाही. बोर्डाला हा फरक दोन प्रश्नांत कळणार.

त्याने मला कागदावर तीन रकाने पाडून दिले. छंदाच्या प्रत्येक शब्दापुढे लिहायचं: शेवटचं कधी केलं, गेल्या वर्षभरात किती वेळा केलं, आणि करणाऱ्यालाच माहीत असते अशी त्यातली एक गोष्ट. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शब्द खोडायचा.

वाचन: माझा ऑप्शनलच मराठी साहित्य आहे, गेल्या दोन वर्षांत जे वाचलं ते सगळं सिलॅबसमधलं, त्याला छंद कसं म्हणणार. खोडलं. योगासने: लॉकडाऊनमध्ये चार महिने सूर्यनमस्कार घातले, नंतर नाही. खोडलं. डॉक्युमेंट्री: शेवटची कुठली पाहिली तेच आठवेना. ट्रेकिंग खोडताना वाईट वाटलं, कारण आवडतं खरंच, पण आवडतं आणि करतो यात फरक आहे आणि फॉर्मला दुसरं लागतं.

चारही गेले. रकाना कोरा. रात्री रूमवर सांगितलं तर रूममेट म्हणाला, अरे मग दर रविवारी तू परात घेऊन बसतोस ते काय आहे?

१२ ऑक्टोबर

रविवार, म्हणजे भाकरी. आज करताना मुद्दाम लक्ष ठेवलं की मला नक्की काय काय माहितीये.

लॉकडाऊनमध्ये मेस बंद झाल्या तेव्हा गावी आईकडून शिकलो. पुण्यात परत आल्यावर आम्ही चौघं रूमवर, पोळ्या विकत आणतो पण रविवारी भाकरी मीच करतो, चौघांना मिळून दहा-बारा. गेल्या वर्षभरात मेन्सच्या आधीचे काही रविवार सोडले तर खंड नाही. दोन रकाने भरले.

तिसऱ्या रकान्यात तर लिहायला जागा पुरेना. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ग्लुटेन नाही, म्हणून पिठाला उकळतं पाणी लावायचं, त्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ बांधलं जातं. तरी पीठ जुनं असेल तर थापताना कडा फाटतातच, आई त्याला विरी गेली म्हणते. पुण्यात गिरणीतलं पीठ घेतो तेव्हा पहिल्या गोळ्यालाच कळतं की दळून किती दिवस झालेत. मळायचं तळहाताच्या टाचेने रेटून, आणि एका भाकरीपुरतंच, सगळं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकऱ्या तुटतात. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिला पाणी फिरवायचं आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटायची, उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो, वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. बाजरीची यापेक्षा अवघड, पीठ लवकर कडू होतं कारण त्यात तेल जास्त, म्हणून ताजंच दळून आणावं लागतं. माझी बाजरीची अजूनही अर्धी वेळ तुटते.

हे सगळं मी कुठे वाचून पाठ केलेलं नाही (ग्लुटेन आणि स्टार्च सोडून, ते बीएस्सीचं). म्हणजे हाच छंद आहे आणि मी तो लपवत होतो, कारण मला वाटायचं की आयएएसच्या फॉर्मवर भाकरी कसली लिहायची.

रूममेटचा एक प्रश्न मात्र रास्त होता, हा छंद आहे का गरज. सुरुवात गरजेनेच झाली. पण आता मेस चालू आहे, पोळी दहा पावलांवर मिळते, तरी मी मार्केट यार्डातून मालदांडी ज्वारी निवडून आणतो आणि पीठ कुठल्या गिरणीत बारीक येतं ते शोधत फिरतो, म्हणजे आता ते आवडीनेच चाललंय. विचारलं तर हेच सांगणार.

१५ ऑक्टोबर

आज वडिलांच्या व्यवसायाचा रकाना. या एका शब्दावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

आण्णांचं तामिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान आहे. आमच्या माण-खटावातून आणि पलीकडच्या आटपाडी-खानापूरमधून कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेलीत, केरळ, तामिळनाडू, यूपी, कुठल्याही सराफ बाजाराच्या गल्लीत विचारा, आमच्याकडचा माणूस सापडतो. गावाकडे पाऊस नाही, शेतीवर भागत नाही, मग पोरगं चौदा-पंधराव्या वर्षी कुणातरी मामाच्या दुकानात कामाला जायचं. आण्णा असेच गेले. मी चौथीपर्यंत सेलमलाच होतो, मग शाळेसाठी आई आम्हाला घेऊन गावी आली. तामिळ बोलता येतं, वाचता येत नाही.

आणि मी फॉर्मवर लिहिलं होतं बिझनेस. त्या शब्दातून बोर्डाला काहीच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, कॉलेजात कुणी विचारलं की मी ज्वेलरी लाइनमध्ये आहेत सांगायचो.

संध्याकाळी आण्णांना फोन लावला. धनत्रयोदशी तोंडावर, दुकानात गर्दी, तरी भट्टी पोराच्या हातात देऊन बाहेर येऊन अर्धा तास बोलले. म्हटलं मला पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेतो.

समजा गिऱ्हाइकाने २० ग्रॅमचा जुना दागिना आणला आणि तो १८ कॅरेटचा निघाला. म्हणजे ७५ टक्के, त्यात शुद्ध सोनं १५ ग्रॅम, बाकी तांबं-चांदी. आता हा दागिना थेट तेजाबात टाकला तर काही होत नाही, कारण सोनं जास्त आहे, ते बाहेरून कवच धरतं आणि आतल्या चांदी-तांब्यापर्यंत तेजाब पोचत नाही. म्हणून आधी त्यात चांदी वाढवायची, इतकी की सोनं एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शावर यावं. १५ ग्रॅम चौथा हिस्सा म्हणजे एकूण ६० ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम चांदी घालायची. मुशीत टाकणखार घालून दोन्ही वितळवायचं, मग ते पातळ करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, खाली तपकिरी भुकटी राहते, तेच सोनं. ती धुवायची, वाळवायची आणि परत वितळवली की पिवळी होते. तेजाबात गेलेली चांदी वाया जात नाही, त्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदी खाली बसते. मी विचारलं चांदी चौथ्या हिश्शाच्या हिशेबापेक्षा जास्त पडली तर? म्हणाले मग भुकटी फार बारीक होते आणि धुताना पाण्याबरोबर जाते, गिऱ्हाइकाचं सोनं कमी भरलं तर ते आपल्या खिशातून.

मी केमिस्ट्रीत बीएस्सी केली. तांबं चांदीला द्रावणातून बाहेर ढकलतं ही रिॲक्शन मी परीक्षेत कितीदा लिहिलीये, सगळ्यात पहिल्यांदा ती मी सात-आठ वर्षांचा असताना दुकानाच्या मागच्या खोलीत बघितली होती, आणि या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवल्याच नाहीत. फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो.

रकान्यात आता: सोने-चांदी गलाई (शुद्धीकरण) कारागीर, स्वतःचे छोटे दुकान, सेलम.

१९ ऑक्टोबर

ताईचा विरोध आहे. तिचं म्हणणं, गलाई लिहिलंस की बोर्ड ॲसिडचा धूर, सांडपाणी, बिनबिलाचं सोनं, लहान वयात कामाला लावलेली पोरं, हे सगळं काढणार, मग कशाला वाट दाखवायची.

ती चुकीचं बोलत नाहीये. ॲसिड चांदीवर पडलं की तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, छातीला वाईट. आण्णांनी वर पंखा आणि पाइप बसवलाय, पण तो धूर गल्लीतच जातो, गाळून जात नाही, हे मला माहितीये. आण्णांना हिवाळ्यात खोकला असतो. आणि ते स्वतः पंधराव्या वर्षी कामाला लागले हे तर खरंच आहे.

पण बिझनेस लिहिलं तरी पहिला प्रश्न कसला बिझनेस हाच येणार, मग मी तिथे बसून सांगणार आणि ते लपवल्यासारखं दिसणार. त्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं. या धंद्यात काय वाईट आहे ते मला बाहेरच्या माणसापेक्षा जास्त माहितीये, ते तसंच सांगता आलं पाहिजे, आण्णांचा बचाव न करता आणि त्यांना कमीपणा न आणता. ताईला हे फोनवर समजावलं, ती म्हणाली बोलून बघ मग माझ्यासमोर. बोललो. दोन ठिकाणी आवाज चढला. परत बोलायचंय.

२३ ऑक्टोबर, गावी

भाऊबीजेला घरी. ट्रंकेतून खो-खोचं सर्टिफिकेट काढलं, फॉर्मबरोबर पुरावा जोडायचा तर कागद हवा म्हणून.

मला गेली दहा-बारा वर्षं पक्कं आठवत होतं की आम्ही जिल्ह्याला उपविजेते होतो. कागदावर दोन गोष्टी निघाल्या: तालुकास्तर विजेता संघ, आणि जिल्हास्तर सहभाग. सर्टिफिकेट २०१३चं. शाळेतल्या मित्राला फोन केला, तो म्हणाला अरे जिल्ह्याला आपण सेमीफायनलला हरलो, उपविजेते आपल्या पुढच्या वर्षीची पोरं होती. मी त्यांची मॅच बघायला गेलेलो, आणि आठवणीत ते माझं झालं. मुद्दाम खोटं नव्हतं, पण फॉर्मवर गेलं असतं तर खोटंच झालं असतं, आणि खाली आपण सही करून देतो की वरची माहिती खरी आहे, चुकीची निघाली तर उमेदवारी रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं.

मग ठरवलं, मार्कशीटपासून सगळ्या तारखा कागद हातात घेऊनच लिहायच्या. आठवणीतून एकही ओळ नाही.

एनएसएसचं पण तपासलं. सात दिवसांच्या शिबिरात मी गटप्रमुख नव्हतो, आमच्या गटाचा प्रमुख दोन दिवस आजारी होता तेव्हा हजेरी मी घेतली. नेतृत्वाचा रकाना खोडला. तिथे लिहायला काही नाही तर काही नाही. स्वयंसेवक म्हणून दोन वर्षं पूर्ण केलीत, ते इतर उपक्रमांत जाईल.

आईने नवी ज्वारी दळून दिलीये, पाच किलो.

२ नोव्हेंबर

आज फक्त शब्दांवर काम. जागा थोडीच असते, म्हणून काय ठेवायचं ते ठरवावं लागतं.

छंदाची पहिली ओळ मी अशी लिहिली होती: पारंपरिक भरडधान्य पाककलेचे जतन व प्रसार. दादाने विचारलं प्रसार कुणात केलास. तिघा रूममेटमध्ये. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं म्हणून मला तो शब्द सुचला, दुसरं काही कारण नाही. भाकरी खरी होती पण तिच्यावर चढवलेले शब्द खरे नव्हते, म्हणजे ट्रेकिंग खोडून मी परत तिथेच आलेलो. आता ओळ आहे: ज्वारी-बाजरीच्या भाकरी करणे. एवढीच.

खो-खोची ओळ: शालेय खो-खो संघाचा खेळाडू, तालुकास्तर विजेता, जिल्हास्तर सहभाग (२०१३). आधी वाटलं सहभाग हा शब्द लहान दिसतो. पण मी खांबाजवळ बसायचो, खांब धरून झेप घ्यायचं काम माझं, एकदा उजव्या कोपराची साल पूर्ण निघालेली, यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. बसलेला भिडू खो मिळाल्यावर ज्या दिशेला निघाला तिथून खांबापर्यंत मागे वळू शकत नाही, म्हणून पळणारा खांबाजवळ चकवा देतो, आणि तिथे बसणाऱ्याला त्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं की तो कुठल्या बाजूने निघणार. उपविजेता लिहिलं असतं तर फायनलबद्दल विचारल्यावर मी गप्प झालो असतो.

८ नोव्हेंबर

रूमवरच बोर्ड मांडला. दादा चेअरमन, दोघं रूममेट आणि फोनवर ताई. पंचवीस मिनिटं.

भाकरीवरून सुरुवात झाली आणि चौथ्या प्रश्नाला दादा थेट धोरणावर गेला, भाकरी इतकी चांगली तर ज्वारीचं क्षेत्र का कमी होत गेलं. मी आधी पुस्तकी सुरुवात केली, मग त्याने थांबवून विचारलं तुमच्या वावरात काय लावता. तिथे मला जमलं. रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागल्यावर घरात रोज ज्वारी लागत नाही. कॅनॉल आला तिथे ऊस गेला. तरी आमच्याकडे थोडी लावतातच, ती दाण्यापेक्षा कडब्यासाठी, कारण दुष्काळात दावणीला तेच असतं. दादा म्हणाला हे उत्तर दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवरून आलं नसतं.

गलाईवर ताईने विचारलं २२ कॅरेट म्हणजे काय. चोवीसपैकी बावीस, ९१.६ टक्के, म्हणून ९१६. हॉलमार्कवरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख-कोड एचयूआयडी १ एप्रिल २०२३ पासून विक्रीला सक्तीचा झाला हेही सांगितलं, पण त्याने आण्णांच्या कामावर काय फरक पडला यावर अडकलो. मला अंदाज होता, जुने बिनशिक्क्याचे दागिने मोडीत येण्याचं प्रमाण वाढलं असेल, आणि मी तो अंदाज ठाम सुरात बोलून गेलो. दादाने लगेच पकडलं. तिथे एवढंच म्हणायला हवं होतं की वडिलांना विचारलेलं नाही. पुढच्या फोनवर विचारायचंय.

धुराच्या प्रश्नाला यावेळी आवाज चढला नाही.

खो-खोवर एकच प्रश्न आला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या वर्ल्ड कपचा. पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघंही कॅप्टन महाराष्ट्राचे. हे येत होतं, मॅचेस बघितलेल्या.

१२ नोव्हेंबर

काल रिझल्ट लागला. नंबर आहे. आईला फोन केला, ती काही बोललीच नाही, मग ताईने फोन घेतला. आण्णांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं म्हणे.

१७ नोव्हेंबर

फॉर्म भरला. अंतिम मजकूर:

वडिलांचा व्यवसाय: सोने-चांदी गलाई (शुद्धीकरण) कारागीर, स्वतःचे छोटे दुकान, सेलम.
बक्षिसं व खेळ: शालेय खो-खो, तालुकास्तर विजेता संघ, जिल्हास्तर सहभाग (२०१३).
नेतृत्व: लागू नाही.
इतर उपक्रम: एनएसएस स्वयंसेवक, दोन वर्षे, सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण.
छंद: ज्वारी-बाजरीच्या भाकरी करणे, खो-खोचे सामने बघणे.

सबमिट करायच्या आधी दादाने आणि ताईने वेगवेगळं वाचलं, मी प्रत्येक ओळीपुढे तिचा कागद ठेवून टिक केली. भाकरीला कागद नाही.

प्रिंटचा फोटो आण्णांना पाठवला. रात्री उशिरा फोन आला, म्हणाले दुकानात भिंतीवर लावू का. मी म्हटलं त्यावर रोल नंबर, पत्ता सगळं आहे, लावू नका. मग म्हणाले बरं, पण ते कारागीर लिहिलंस ते कुठल्या शब्दाने लिहिलंस इंग्रजीत, मी सांगितलं, त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. मग हॉलमार्कचं विचारलं. म्हणाले मोड वाढली का ते पावतीपुस्तक बघून सांगतो, तोंडी नको.